लाभांश वितरण गुणोत्तर आणि लाभांश उत्पन्न दर : कोल्हापूरच्या रत्नाकर बँकेचा इतिहास व निवृत्त गुंतवणूकदार

कोल्हापूर परिसरातील निवृत्त नोकरदाराची लाभांशाशी पहिली ओळख शेअर बाजारात नव्हे, तर सहकारी पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांच्या वार्षिक सभांत झालेली असते. तेथे 'यंदा बारा टक्के लाभांश' असे जाहीर झाले की हिशेब सरळ असतो. सहकारी संस्थेचा भाग दर्शनी किमतीला घेतला जातो आणि साधारणतः त्याच किमतीला परत केला जातो. म्हणून जाहीर झालेला टक्का हाच गुंतवणुकीवरील उत्पन्नाचा दर ठरतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६७ ने या दरावर १५ टक्क्यांची मर्यादाही घातली आहे. हीच सवय बाजारात नोंदलेल्या कंपनीकडे पाहताना फसवी ठरते. रत्नाकर बँकेचा अलीकडचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे.

१९४३ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ही बँक अनेक दशके मुख्यतः कोल्हापूर-सांगली भागातील व्यापारी व लघुउद्योजकांची बँक होती. २०१० नंतर व्यवस्थापन बदलले, २०१४ मध्ये नाव 'आरबीएल बँक' झाले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये २२५ रुपये दराने तिच्या भागांची सार्वजनिक विक्री झाली. नोंदणीकृत कार्यालय मात्र शाहूपुरीतच राहिले.

२०१८-१९ या वर्षासाठी बँकेने प्रति भाग २.७० रुपये लाभांश दिला. भागाची दर्शनी किंमत १० रुपये असल्याने सहकारी संस्थेच्या भाषेत हा 'सत्तावीस टक्के' लाभांश झाला. परंतु मार्च २०१९ अखेर भागाचा बाजारभाव ६८० रुपयांच्या आसपास होता. २.७० ला ६८० ने भागले असता लाभांश उत्पन्न दर जेमतेम ०.४ टक्के येतो. २२५ रुपयांना भाग घेतलेल्याच्या दृष्टीनेही तो १.२ टक्केच होता. शंभर भागांसाठी २२,५०० रुपये गुंतवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाला त्या वर्षी २७० रुपये मिळाले. हीच रक्कम त्याने ऑगस्ट २०१६ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली असती, तर तेव्हाच्या ८.६ टक्के दराने वर्षाला १,९३५ रुपये मिळाले असते.

एवढ्यावरून बँक कंजूष होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या वर्षीचा निव्वळ नफा सुमारे ८६७ कोटी, म्हणजे प्रति भाग साडेवीस रुपयांच्या आसपास होता. त्यातील २.७० रुपये वाटले गेले. वितरण गुणोत्तर सुमारे १३ टक्के झाले, आणि उरलेले ८७ टक्के बँकेने कर्जवाढीसाठी भांडवल म्हणून राखले. रिझर्व्ह बँकेच्या २००५ च्या परिपत्रकानुसार भांडवल पर्याप्तता व निव्वळ अनुत्पादक कर्जे पाहून बँकांना कमाल ४० टक्क्यांपर्यंत वाटप करता येत असे. वाढीच्या मागे लागलेली बँक त्या मर्यादेपर्यंत जात नाही. तेव्हा प्रश्न असा उरतो, की राखून ठेवलेल्या नफ्याचे पुढे काय झाले?

मार्च २०२० मध्ये, खासगी बँकांविषयीची धास्ती आणि कोविडची साथ एकत्र आली तेव्हा हा भाग सुमारे १३५ रुपयांवर उतरला. मागील वर्षाचा २.७० रुपये लाभांश या भावाशी ताडला, तर उत्पन्न दर २ टक्के दिसतो. म्हणजे वर्षापूर्वीच्या पाचपट, आणि लाभांशात मात्र एका पैशाचीही वाढ नाही! छेदस्थानचा भाव कोसळल्यानेच अपूर्णांक फुगला होता. अशा दराला भुलून भाग घेणारा मागील वर्षाचा लाभांश पुढील वर्षीही मिळेल असे गृहीत धरतो. पण १७ एप्रिल २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश देण्यास सर्वच बँकांना मनाई केली. पुढे २०२१-२२ मध्ये या बँकेला सुमारे ७५ कोटींचा तोटा झाला व त्या वर्षी लाभांश मिळाला नाही. तोट्याच्या वर्षी वितरण गुणोत्तराला अर्थच उरत नाही.

कमी गुणोत्तर म्हणजे सुरक्षित लाभांश, हा पाठ्यपुस्तकी नियम येथे अपुरा पडला हे लक्षणीय आहे. उत्पादक कारखान्यात राखीव नफा यंत्रात उतरतो, तर बँकेत तो कर्जात. कर्ज बुडू लागले की आधी वार्षिक अहवालातील तरतुदी वाढतात, मग नफा आटतो आणि शेवटी लाभांश थांबतो. निवृत्त गुंतवणूकदाराने म्हणूनच गुणोत्तराशेजारी निव्वळ अनुत्पादक कर्जांचा आकडा ठेवून सलग चार-पाच वर्षांचे अहवाल वाचावेत. एका वर्षाच्या गुणोत्तरातून हा क्रम दिसत नाही.

२०२२-२३ मध्ये नफा पुन्हा ८८३ कोटींच्या घरात पोहोचला आणि लाभांश १.५० रुपये झाला. नफा २०१८-१९ पेक्षा किंचित अधिक असूनही लाभांश कमी, कारण दरम्यान नवे भांडवल उभारल्याने भागांची संख्या सुमारे ४३ कोटींवरून ६० कोटींपर्यंत गेली होती. प्रति भाग नफा पंधरा रुपयांच्या खाली आला, तर वितरण गुणोत्तर १० टक्क्यांच्या आसपास राहिले. २२५ रुपयांच्या मूळ खरेदीवर उत्पन्न ०.६७ टक्के पडले. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर कंपनीऐवजी भागधारकाच्या हाती आकारला जाऊ लागल्याने, करपात्र उत्पन्न असलेल्या निवृत्ताच्या पदरी या दीडशे रुपयांतूनही काही कमीच पडले.