नारुहोदोचा राइट कसा झाला

गेममधला एखादा संवाद विचित्र वाटला की पहिली शिवी बसते ती भाषांतरकाराला. त्याला जपानी येत नसणार, नाहीतर त्याने पाट्या टाकल्या असणार. असे नमुने होऊन गेलेत, नाही असं नाही. पण मला जास्त रस आहे तो दुसऱ्या प्रकारात. भाषांतरकाराचं जपानी पक्कं, इंग्रजी त्याहून पक्कं, आणि तरीही मूळ अर्थ मध्येच कुठेतरी गळून पडतो. असं का होतं? अलेक्झांडर ओ. स्मिथ नावाच्या एकाच माणसाच्या कामात याची दोन मस्त उदाहरणं सापडतात. (पुढे एका गेमचा शेवट फोडलाय. खेळायचा बाकी असेल तर पुढचे चार परिच्छेद गाळा.)

पहिलं उदाहरण 'फायनल फँटसी टेन'. २००१ साली प्लेस्टेशन टूवर आलेला हा गेम म्हणजे या मालिकेतला पहिला बोलका गेम. त्याआधी सगळं संवादाच्या चौकटीत लिहून यायचं. चौकटीला मर्यादा असते, पण वाक्य फारच लांबलं तर उरलेलं पुढच्या चौकटीत टाकता येतं. वाचणारा त्याच्या सवडीने बटण दाबतो. आवाज आला आणि ही सवड गेली. प्रसंगाची लांबी आणि पात्रांच्या ओठांची हालचाल हे सगळं आधी जपानी आवाजावर बेतून झालेलं होतं, आणि इंग्रजीसाठी ओठ नव्याने हलवले गेले नाहीत. म्हणजे जपानी ओळ दोन सेकंदांची असेल तर इंग्रजी ओळही दोन सेकंदांतच बसवायची. मग वाक्यात क्रियापद कुठेही येवो! स्मिथने स्वतःच म्हटलंय की चार-पाच सिनेमांची पटकथा अख्खी हायकूत लिहावी, तसं ते काम होतं.

हे बसवणं जिथे जमत नाही तिथे ते लगेच कानाला कळतं. पात्र वाक्याच्या मध्येच, जिथे कोणी थांबणार नाही अशा जागी थांबतं, नाहीतर शेवटचे चार शब्द घाईघाईने उरकतं. या गेममधली नायिका युना इंग्रजीत बऱ्याचदा अशी बोलते, आणि लोक त्याचं खापर बिचाऱ्या अभिनेत्रीवर फोडतात.

आता शेवटचा प्रसंग. नायक टीडस विरून चाललाय. युना त्याला मिठी मारायला धावते आणि त्याच्या आरपार जाऊन पडते. उठते, आणि त्याच्याकडे पाठ करून एकच शब्द म्हणते, "आरिगातो". शब्दशः अर्थ 'आभार'. पण अख्ख्या प्रवासाचं ओझं त्या शब्दावर आहे. प्रेम आहे, निरोप आहे, आणि जे बोलायचं नाही असं ठरवलंय तेही आहे. इंग्रजीत तिथे 'थँक यू' घातलं तर? एक तर ओठ हलत राहतील आणि शब्द संपलेला असेल. दुसरं म्हणजे लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्यालाही आपण 'थँक यू'च म्हणतो. त्या शब्दात एवढं ओझं उचलायची ताकद उरलेली नाही. स्मिथच्या इंग्रजीत युना म्हणते, "आय लव्ह यू".

बरोबर की चूक? माझ्या मते इंग्रजीपुरतं बरोबर. पण किंमत मोजावी लागलीच. जपानी युना जे बोलत नाही ते इंग्रजी युना बोलून मोकळी होते. गंमत म्हणजे जानेवारी २००२ मध्ये जपानमध्येच या गेमची 'इंटरनॅशनल' आवृत्ती निघाली, तिच्यात आवाज इंग्रजी आणि खाली अक्षरं जपानी. म्हणजे जपानी खेळाडूंना कानाने एक आणि डोळ्यांनी दुसरंच कळत होतं. (मराठीत काय केलं असतं? 'धन्यवाद' म्हटलं तर समारंभातलं आभारप्रदर्शन वाटेल, आणि 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं प्रत्यक्षात कोण म्हणतं? आपल्याकडे तर "आभार मानून परकं करू नकोस" म्हणायची पद्धत. अवघड आहे!)

दुसरं उदाहरण विनोदाचं. २००१ मध्येच शू ताकुमी या लेखक-दिग्दर्शकाचा 'ग्याकुतेन साइबान' हा वकिलीचा गेम जपानमध्ये आला. नायकाचं आडनाव नारुहोदो. जपानीत समोरचा बोलत असताना आपण "अच्छा, असं होय!" म्हणतो, त्याला 'नारुहोदो' म्हणतात. म्हणजे या वकिलाचं नाव घेतलं की प्रत्येक वेळी कोणालातरी काहीतरी समजल्यासारखं वाटतं, आणि समजलेलं बहुतेक वेळा काहीच नसतं. २००५ च्या इंग्रजी आवृत्तीसाठी स्मिथला असं आडनाव हवं होतं जे संवादात सारखं येतं आणि ज्यावर कोटी करता येते. त्याने 'राइट' निवडलं. फीनिक्स राइट. म्हणजे शब्द बदलला, पण विनोदाचा सांगाडा तोच राहिला. मराठीत हेच काम फुकटात झालं असतं. ॲडव्होकेट खरे! :)

इथवर सगळं छान. पण नावं इंग्रजी केल्यावर गावही बदलावं लागलं. खटले जपानऐवजी लॉस एंजेलिसमध्ये गेले. नायकाच्या मैत्रिणीला, मायाला, मिसो रामेन प्रिय होतं, ते जाऊन बर्गर आला. हे चालून जातं. न्यायालयाचं मात्र तसं नाही. गेममधल्या कोर्टात ज्यूरी नाही, निकाल एकटा न्यायाधीश देतो, आणि आरोपी दोषीच आहे असं सगळे धरून चालतात. जपानमध्ये कोर्टात उभ्या राहिलेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे, आणि २००१ साली तिथे सामान्य नागरिक निकालात बसतही नव्हते. ते सुरू झालं २००९ पासून, तेही गंभीर खटल्यांपुरतं. त्यामुळे जपानी खेळाडूला हे कोर्ट म्हणजे ओळखीच्या गोष्टीचं व्यंगचित्र वाटतं. अमेरिकन खेळाडूला मात्र प्रश्न पडतो, की अरे, ज्यूरी कुठे गेली? टोमणा गेला, नुसता वेडेपणा उरला. (आपल्याला ते खटकणार नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यानंतर आपल्याकडेही ज्यूरी हळूहळू बंदच झाली.)

यात भाषांतराची चूक एकही नाही. पहिल्या भागाच्या वेळी पुढे किती भाग निघतील आणि त्यांत काय असेल हे कोणाला ठाऊक? आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज सोयीचा निर्णय घ्यायचा आणि हप्ते पुढच्या टीमने फेडायचे. मालिकेत पुढे किमोनो, देवळं, अगदी जपानी भुताखेतांचं गावसुद्धा आलं, आणि ते सगळं कॅलिफोर्नियात बसवावं लागलं. चाहते त्या जागेला 'जपानिफोर्निया' म्हणू लागले. पुढे इंग्रजी आवृत्त्या सांभाळणाऱ्या जॅनेट सू यांनी एक खुलासाही दिला. या जगातल्या कॅलिफोर्नियात जपानी लोकांविरुद्धचे कायदे झालेच नाहीत, म्हणून तिथे जपानी संस्कृती रुजली. एका बर्गरसाठी इतिहास बदलावा लागला म्हणा ना!

सगळ्यात मोठा हप्ता आला २०१५ मध्ये. ताकुमीने नायकाच्या पूर्वजावर गेम काढला, आणि काळ घेतला मेइजी, म्हणजे साधारण आपल्याकडच्या टिळक-आगरकरांचा. नायक जपानी विद्यार्थी, तिथून लंडनला जातो. जपानी माणूस परक्या देशात, हेच कथेचं मूळ. त्यामुळे याला काही लॉस एंजेलिसला हलवता येईना. २०१७ मध्ये दुसरा भाग आला आणि इंग्रजीत दोन्ही मिळून निघाले थेट २०२१ मध्ये. तिथे पूर्वजाचं नाव आहे र्‍यूनोसुके नारुहोदो, आणि वंशजाचं अजूनही फीनिक्स राइट. जपानी खेळाडूला नातं आडनाव वाचताक्षणी कळतं. इंग्रजी खेळाडूला ते ओळखावं लागतं कोर्टात बोट रोखून ओरडायच्या लकबीवरून.