शाळाबंदी आणि फ्लूची साथ : १९१८ची अमेरिकी शहरे काय सांगतात

१९१८च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची जीवघेणी लाट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आत शिरली, तेव्हा प्रत्येक मोठ्या शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे एकच प्रश्न होता : शाळा बंद करायच्या की चालू ठेवायच्या? लस नव्हती. रोगाचे कारण विषाणू आहे हेही त्या वेळी ठाऊक नव्हते. बहुतेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. माणसे एकत्र आली की रोग पसरतो, एवढे मात्र सगळ्यांना दिसत होते. बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन यांनी त्या चालू ठेवल्या.

या निर्णयांचा उपयोग झाला का, याचा पद्धतशीर हिशेब व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्ड फ्लूची धास्ती निर्माण झाली आणि लस हाती येईपर्यंत काय करायचे, हा जुनाच प्रश्न पुन्हा पुढे आला. २००७ साली तीन वेगवेगळ्या अभ्यासगटांनी १९१८च्या नोंदी उघडल्या. हॅचेट, मेकर आणि लिप्सिच यांनी १७ शहरे तपासली. वैद्यकाचे इतिहासकार हॉवर्ड मार्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ शहरे घेतली. बूट्स्मा आणि फर्ग्युसन यांनी गणिती प्रारूपाच्या मदतीने १६ शहरांचा विचार केला. तिघांनीही जवळपास एकाच प्रकारची सामग्री वापरली : एका बाजूला वर्तमानपत्रे आणि नगरपालिकांच्या आदेशांतून मिळणाऱ्या तारखा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या जनगणना खात्याने नोंदवलेले फ्लू आणि न्यूमोनियाचे साप्ताहिक मृत्यू. नेहमीच्या वर्षी त्या आठवड्यात जितके मृत्यू झाले असते तेवढे वजा केले की उरतात ते ‘अतिरिक्त मृत्यू’. रुग्णांच्या आकड्यांपेक्षा हा आकडा अधिक भरवशाचा असतो, कारण साथीच्या गर्दीत रुग्ण मोजणे थांबते, पण दफनाची नोंद सहसा थांबत नाही.

यातली दोन शहरे सविस्तर पाहू.

फिलाडेल्फियात नागरी वस्तीतले पहिले रुग्ण १७ सप्टेंबर १९१८ रोजी नोंदवले गेले. त्याआधीच बंदरातल्या नौदलाच्या तळावर आजार पोहोचला होता. शहराचे आरोग्य संचालक विल्मर क्रुसेन यांनी धोका कमी लेखला. २८ सप्टेंबरला युद्धकर्ज रोख्यांच्या प्रचारासाठी मोठी मिरवणूक ठरलेली होती. ती रद्द झाली नाही, आणि सुमारे दोन लाख माणसे रस्त्यांवर जमली. शाळा, चर्च, नाट्यगृहे बंद करण्याचे आदेश ३ ऑक्टोबरला लागू झाले. तोपर्यंत रुग्णालये भरून वाहू लागली होती.

सेंट लुईस हे शहर देशाच्या मध्यभागी आहे. साथ तिथे उशिरा पोहोचली, आणि त्यामुळे पूर्वेकडच्या शहरांचे हाल वाचायला तिथल्या अधिकाऱ्यांना वेळ मिळाला. नागरी वस्तीतले पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला नोंदवले गेले. आरोग्य आयुक्त मॅक्स स्टारक्लॉफ यांनी महापौरांचा पाठिंबा मिळवून ७ ऑक्टोबरला शाळा, नाट्यगृहे, नृत्यगृहे, चर्च आणि सार्वजनिक सभा बंद करण्याचे आदेश काढले.

आता तारखा नीट मोजा. दिनदर्शिकेप्रमाणे पाहिले तर फिलाडेल्फियाने सेंट लुईसच्या चार दिवस आधी बंदी घातली. पण साथीला आपली दिनदर्शिका कळत नाही. पहिल्या रुग्णापासून मोजले तर फिलाडेल्फियाला १६ दिवस लागले आणि सेंट लुईसला दोन. फरक १४ दिवसांचा. सुरुवातीच्या काळात फ्लूचे रुग्ण साधारण तीन ते पाच दिवसांत दुप्पट होतात. म्हणजे या १४ दिवसांत सुमारे तीन ते पाच वेळा दुप्पट होणे बसते. तीन वेळा दुप्पट म्हणजे आठ पट, पाच वेळा दुप्पट म्हणजे बत्तीस पट. फिलाडेल्फियाने दार लावले तेव्हा घरात किती आग होती, याचा हा ढोबळ अंदाज.

परिणाम मृत्यूच्या आकड्यांत दिसतो. साथीच्या शिखराच्या आठवड्यात फिलाडेल्फियात दर लाख लोकसंख्येमागे २५७ अतिरिक्त मृत्यू झाले. सेंट लुईसच्या पहिल्या शिखरावर हा आकडा ३१ होता. आठ पटींहून अधिक फरक! ही तुलना पुढे इतकी गाजली की २०२०च्या महासाथीत या दोन शहरांचे आलेख जगभर फिरले.

बरेच वाचक इथेच थांबतात. खरी मेख पुढच्या आकड्यात आहे. ८ सप्टेंबर ते २८ डिसेंबर या सगळ्या काळाची बेरीज केली, तर फिलाडेल्फियात लाखामागे ७१९ अतिरिक्त मृत्यू आणि सेंट लुईसमध्ये ३४७. म्हणजे शिखराच्या उंचीत आठ पट, पण एकूण मृत्यूंत साधारण दोन पट फरक. मधला फरक कुठे गेला?

तो सेंट लुईसच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सापडतो. नोव्हेंबरच्या मध्यावर रुग्ण घटल्याचे दिसले. युद्धविराम नुकताच झाला होता, व्यापाऱ्यांचा आणि नाट्यगृहवाल्यांचा दबाव होता. बंदी उठली, शाळा उघडल्या, आणि थोड्याच दिवसांत साथ परतली. याचे कारण पहिल्या यशातच दडलेले होते. फिलाडेल्फियात विषाणूने ज्यांना गाठायचे त्यांतल्या बहुतेकांना ऑक्टोबरातच गाठले; उरलेल्यांत पसरायला त्याला वाव राहिला नाही. सेंट लुईसमध्ये पुष्कळ माणसे संसर्गापासून वाचली होती, म्हणजेच ती अजून संसर्गाला मोकळी होती. हॅचेट यांच्या गटाने तपासलेल्या शहरांपैकी एकाही शहरात मुख्य निर्बंध चालू असताना दुसरी लाट आली नाही. ती आली ती निर्बंध सैल झाल्यावरच. बूट्स्मा आणि फर्ग्युसन यांचा निष्कर्षही याच दिशेने जातो : काही शहरांत निर्बंधांनी संसर्गाचा वेग ३० ते ५० टक्क्यांनी कमी केला होता, पण बहुतेक ठिकाणी ते उशिरा आले किंवा लवकर उठले, म्हणून एकूण मृत्यूंतली घट बरीच कमी राहिली.

म्हणून ‘वेळ’ या शब्दाला दोन टोके आहेत, बंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली. मार्केल यांच्या ४३ शहरांत शाळाबंदी आणि सभाबंदी एकत्र लागू करणारी ३४ शहरे होती, आणि ही जोडी मध्यमानाने चार आठवडे टिकली. ज्यांनी लवकर सुरुवात केली त्यांचे शिखर उशिरा आले, असा बळकट सहसंबंध या गटाला आढळला. शिखराची उंची आणि एकूण मृत्यू यांच्याशीही संबंध होता, पण तो बराच सैल. साथ पुढे ढकलणे सोपे आणि ती कमी करणे अवघड, असे त्यातून दिसते. ढकलण्याचाही उपयोग असतो. परिचारिका आणि खाटा तेवढ्याच असताना हजार रुग्ण एका आठवड्यात येणे आणि तेच पाच आठवड्यांत येणे यात रोग्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

आता न्यूयॉर्कची अडचण. तिथले आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी शाळा चालू ठेवल्या, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. शहरातली बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहत होती. शाळा बंद केली तर ती रस्त्यावर आणि अंधाऱ्या खोल्यांत जाणार. शाळेत निदान हवेशीर वर्ग आणि रोजची तपासणी होती. मुलांनी आवारात न रेंगाळता थेट वर्गात जायचे, शिक्षकांनी लक्षणे पाहायची, आजारी मूल वेगळे काढून घरी पाठवायचे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यामागे अनेक वर्षे उभी राहिलेली शालेय आरोग्यसेवा होती. शिवाय दुकाने आणि कचेऱ्यांच्या वेळा वेगवेगळ्या करून गाड्यांतली गर्दी कमी केली होती. मार्केल यांच्या हिशेबात न्यूयॉर्कचा मृत्युदर लाखामागे ४५२ होता. फिलाडेल्फियापेक्षा तो बराच कमी, सेंट लुईसपेक्षा जास्त. मग शाळा बंद न करताही साधते, असे म्हणायचे का? एका शहरावरून तसे म्हणता येत नाही. पण शाळा बंद केल्या म्हणूनच सेंट लुईस वाचले, असेही म्हणता येत नाही, आणि ही दुसरी चूक अधिक लोक करतात. तिथे शाळांसोबत चर्च आणि नाट्यगृहेही बंद होती. एकाच दिवशी पाच दारे लावली तर चोर कोणत्या दारामुळे अडला, हे आकडे सांगत नाहीत. आणखी एक शंका उरते : उशिरा गाठल्या गेलेल्या शहरांत साथ मुळातच काहीशी सौम्य होती का? पूर्व-पश्चिम हा भेद आणि लवकर-उशिरा हा भेद १९१८मध्ये एकमेकांत गुंतलेले आहेत.

शाळांचा वाटा वेगळा काढायचा तर असा प्रसंग हवा, जिथे फक्त शाळा बंद आहेत आणि बाकी व्यवहार चालू आहेत. असा प्रसंग दरवर्षी येतो : सुट्टी. फ्रान्समध्ये डॉक्टरांच्या जाळ्याकडून फ्लूसदृश आजाराची नोंद होते, आणि तिथल्या हिवाळी सुट्ट्या वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या आठवड्यांत पडतात. कोशेमे आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या सामग्रीवरून दाखवले, की सुट्टीत मुलांना होणारा संसर्ग २० ते २९ टक्क्यांनी मंदावतो. प्रौढांच्या भेटीगाठींवर मात्र परिणाम दिसत नाही. सुट्ट्यांमुळे नेहमीच्या मोसमी फ्लूचे १६ ते १८ टक्के रुग्ण टळतात. म्हणजे शाळेचा वाटा खरा आहे आणि मर्यादितही आहे.

उशिराच्या बंदीचे स्वच्छ उदाहरण त्याच वर्षी हाँगकाँगने दिले. मार्च २००८मध्ये काही मुलांच्या मृत्यूंनंतर लोकांत घबराट पसरली, आणि सरकारने ईस्टरच्या सुट्टीच्या आधीच प्राथमिक शाळा आणि बालवाड्या बंद केल्या. बंदी साधारण दोन आठवडे चालली. रुग्ण घटले, आणि घट बंदीमुळे झाली असे वाटणे साहजिक होते. पण काउलिंग आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतले नमुने आणि दवाखान्यांच्या नोंदी आठवड्यावार मांडल्या, तेव्हा दिसले की संसर्ग बंदीच्या आधीच उताराला लागला होता. अधिकाऱ्यांना हलवणारी बातमी मृत्यूची होती, आणि मृत्यू संसर्गाच्या एक-दोन आठवडे मागून चालतो. फिलाडेल्फियातही हेच घडले. म्हणून एखाद्या शहराची शाळाबंदी तपासताना आदेशाच्या तारखेशेजारी मृत्यूंचा आलेख ठेवू नये; तो आलेख तेवढे दिवस मागे सरकवून ठेवावा, आणि मग पाहावे की आदेश निघाला तेव्हा रेषा चढत होती की उतरत होती.