खुब्याचा अस्थिभंग आणि कॅल्शियम : दोन चाचण्यांचा इतिहास

वार्धक्यात हाडे ठिसूळ होण्याच्या विकारास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व दिल्याने खुब्याचे हाड मोडणे टळते काय, या प्रश्नाचे स्वरूप दोन चाचण्यांतून स्पष्ट होते.

इ.स. १९९२ मध्ये फ्रान्समधील वृद्धनिवासांतील ३,२७० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८४ वर्षे होते. एका गटास दररोज १.२ ग्रॅम कॅल्शियम व ८०० एकक ‘ड’ जीवनसत्त्व देण्यात आले. अठरा महिने उपचार पूर्ण करणाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी आढळले.

याउलट अमेरिकेत इ.स. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रिया होत्या. दररोज १ ग्रॅम कॅल्शियम व ४०० एकक ‘ड’ जीवनसत्त्व सुमारे सात वर्षे दिल्यावर खुब्याची अस्थिघनता सुमारे एक टक्क्याने अधिक राहिली. मात्र अस्थिभंगांत निर्णायक घट झाली नाही, आणि मूतखड्यांचे प्रमाण वाढले.

या तफावतीचे एक प्रमुख कारण स्त्रियांच्या मूळ स्थितीत दिसते. फ्रान्समधील वृद्धांच्या आहारात कॅल्शियम अल्प होते व रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव होती. अमेरिकेतील स्त्रिया तुलनेने तरुण होत्या व पुरेसे कॅल्शियम आधीच घेत होत्या. सारांश, ही पूरके उणीव भरून काढतात. उणीव नसल्यास त्यांचा लाभ अत्यल्प राहतो. तपासणीत अस्थिघनतेचा आकडा किंचित सुधारला, एवढ्यावरून अस्थिभंग टळेल असे अनुमान काढता येत नाही.