सोयर की सुतक? न जगलेल्या बाळाची नोंद कुठे शोधायची

माझ्या पणजोबांचं नाव दगडू. घरात हे नाव कायम चेष्टेचा विषय. शिकल्यासवरल्या घरात असं नाव ठेवलंच कसं, असा प्रश्न मी आजीला विचारला तेव्हा मी एम.ए.ला होतो. ती म्हणाली, "आधीची दोन गेली होती ना रे." बस, एवढंच. त्या दोघांबद्दल घरात तोवर कधीच कुणी बोललं नव्हतं. त्यांना नावंही नव्हती.

दगडू, धोंडू, भिकू, कचरू, उकिरडा ही नावं जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरात रांगेनं सापडतात. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम असं नाव ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूलाही ते पोर नकोसं वाटेल, ही समजूत. काही घरांत बाळाला उकिरड्यावर टेकवून परत उचलत, म्हणून तो उकिरडा. कुठे मुलाचं नाक टोचत, त्यातून नथू. म्हणजे असं प्रत्येक नाव ही त्या मुलाच्या आधी गेलेल्या भावंडाची नोंद असू शकते.

"असू शकते" असं मी जपून म्हणतोय. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे 1930 च्या रजिस्टरातला दगडू हा फक्त आजोबांचा वारस असेल, त्याच्या आईचं एकही मूल गेलेलं नसेल. नाव सापडलं की त्या घरात ते पहिल्यांदा कधी आलं आणि त्याच्या वरच्या भावंडांमध्ये किती वर्षांचं अंतर आहे, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. पहिल्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली आणि अर्धं प्रकरण फेकून द्यावं लागलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या दोन बाळांचं घरानं काय केलं असेल?

या प्रश्नासाठी सोलापूर जिल्हा फार सोयीचा आहे. धर्मसिंधु हा ग्रंथ पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी 1790 मध्ये पुरा केला. निर्णयसिंधूसारख्या मोठ्या ग्रंथांतले वाद बाजूला ठेवून थेट निर्णय सांगायचा, ही त्याची पद्धत, आणि म्हणूनच तो महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या हाताशी राहिला. आशौचाच्या भागात तो गर्भाच्या नुकसानाचे तीन टप्पे करतो. चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात आणि सातव्यापासून पुढे प्रसव. पहिल्या दोन टप्प्यांत आईनं पाळायचे दिवस साधारण महिन्यांच्या संख्येइतके. स्राव असेल तर बाप आणि भाऊबंद स्नानानं मोकळे होतात, पात असेल तर तीन दिवस पाळतात.

सातव्या महिन्यापासून मात्र सगळं बदलतं. बाळ मृत जन्मलं तरी तो जन्मच, आणि घराला लागतं ते जन्माचं पूर्ण आशौच. आपल्या बोलीत सांगायचं तर सुतक लागत नाही, सोयर लागतं. हा शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सुतक असलं की लोक भेटायला येतात, शेजारी पिठलं-भात आणून देतात, दहावा-तेरावा होतो, रडायला एक जागा मिळते. सोयरात यातलं काहीच नाही. आई दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत, पण शेजारी बाळ नाही. पाचवी पुजली जात नाही. बारावा दिवस येतो, पण बारसं नाही आणि म्हणून नावही नाही.

देहाचं काय करायचं, याचा नियम याहून जुना आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला दहन नाही, तिलांजली नाही, त्याला पुरायचं. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय याच नियमानं सुरू होतो. मनुस्मृती त्यात एक तपशील घालते. आप्तांनी त्या मुलाला सजवून गावाबाहेर न्यावं आणि शुद्ध जमिनीत ठेवावं. लगेच पुढे तीच म्हणते की लाकडासारखं रानात सोडून यावं आणि तीन दिवस पाळावेत. या दोन वाक्यांवर मी बराच काळ अडकलो होतो. लाकूड समजायचं तर सजवायचं कशाला? मला वाटतं, नियम लिहिणाऱ्याला फक्त कुणी किती दिवस वेगळं राहायचं हे ठरवायचं होतं. सजवणं त्यानं बहुधा लोकांच्या वागण्यातून उचललं. विधी नाही म्हणून दुःखही नव्हतं, असं या ग्रंथांवरून म्हणता येत नाही. पण पुढच्या पिढ्यांनी अर्थ तसाच लावला, आणि आजही दवाखान्याच्या दारात कुणी मोठं माणूस "याचं काही करायचं नसतं" म्हणून विषय संपवतं.

याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानं चालुक्य विक्रमादित्याच्या काळात कल्याण इथं लिहिली. हे कल्याण म्हणजे ठाण्याजवळचं नव्हे, आजचं बसवकल्याण, सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवरचं. आता गंमत बघा. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी त्याच कल्याणात बसवण्णा होते, आणि आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर शरणांच्या त्याच परंपरेतले. या परंपरेनं पंचसूतकंच नाकारली; त्यांत जन्माचं आणि मरणाचं दोन्ही येतात. ज्याच्या अंगावर इष्टलिंग आहे त्याला विटाळ कसला, असा त्यामागचा विचार. वीरशैव रीतीत गर्भार बाईच्या आठव्या महिन्यात पोटातल्या बाळासाठी लिंगधारण करण्याची पद्धत आहे. म्हणजे बाळ जन्माआधीच समाजाचं सभासद झालेलं असतं. लिंगायतांत मोठ्यांनाही पुरतातच, त्यामुळे लहानग्याचं दफन वेगळं, कमी प्रतीचं ठरत नाही. प्रत्यक्षात आज अनेक लिंगायत घरं शेजाऱ्यांसारखंच सोयरसुतक पाळतात, हेही नोंदवून ठेवा. सिद्धांत वाचून समाजाबद्दल लिहिणं हा आपला नेहमीचा दोष आहे.

मुसलमान घरात विचारण्याचा प्रश्न वेगळा: बाळानं आवाज केला का? सोलापुरातले बहुसंख्य मुसलमान हनफी. जन्मल्यावर बाळ रडलं, हललं, श्वास घेतला आणि मग गेलं, तर नाव, गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज आणि दफन, सगळं मोठ्या माणसासारखं. नमाजेतली दुआ तेवढी निराळी. मूल निष्पापच असतं, म्हणून त्याच्यासाठी क्षमा मागत नाहीत. ते आईबापांच्या पुढे जाऊन त्यांची वाट सोपी करो, असं मागतात. बाळ मृत जन्मलं असेल तर जनाज्याची नमाज नाही, पण अंग धुणं, कपड्यात गुंडाळणं, नाव देणं आणि कब्रस्तानात दफन हे आहे. हंबली पंथात चार महिन्यांनंतरच्या मृत बाळासाठीही नमाज होते. म्हणून "इस्लाममध्ये असं असतं" असं सरसकट वाक्य प्रबंधात लिहू नका; कोणता पंथ, ते आधी लिहा.

ख्रिस्ती घरांत गाठ बाप्तिस्म्याची होती. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाचं काय होतं, या प्रश्नानं कॅथलिक आईबापांना शतकानुशतकं छळलं. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं म्हटलं. अशा बाळासाठी अंत्यविधीची प्रार्थना त्याआधीपासूनच होती.

आणि सरकार? 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात "जन्म" या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मही येतो. "मृत्यू" मात्र जिवंत जन्मलेल्याचाच. 28 आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची नोंद त्यामुळे मृत्यूच्या वहीत सापडत नाही. धर्मसिंधूचा सातवा महिना आणि कायद्याचे 28 आठवडे जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, आणि दोघांचाही निकाल एकच: हा जन्म आहे. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असं मी म्हणत नाही. साधारण याच सुमाराला बाळ जगू शकतं हे सुइणींना पूर्वीपासून माहीत होतं, इतकंच. पण आईच्या बाजूनं पाहिलं तर परिणाम सारखाच. कुणी मेलं आहे, असं कागदावर येत नाही.

हे सगळं माहीत असण्याचा उपयोग दवाखान्यात होतो. वेळ फार थोडा असतो. जगण्याच्या मुदतीखालचा गर्भ 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातो. कुटुंबाला दफन करायचं असेल तर ते नर्सला आधीच सांगावं लागतं. दोन तासांनी विचारलं तर उशीर झालेला असतो. पुरुष मंडळी घाईनं देह घेऊन जातात आणि आई शुद्धीवर येते तेव्हा सगळं उरकलेलं असतं. माझ्या मुलाखतींत बायकांनी सर्वांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट हीच: "कुठं ठेवलं तेपण मला कुणी सांगितलं नाही." म्हणून आधी आईला विचारायचं. बघायचंय का, हातात घ्यायचंय का, नाव ठेवायचंय का, पुरण्याआधी थांबू का.

फक्त विचारायचं, आग्रह करायचा नाही. इंग्लंडमध्येही पूर्वी बाळ झाकून घेऊन जात. 1976 मध्ये इमॅन्युएल लुइस या मानसोपचारतज्ज्ञानं त्याविरुद्ध लिहिलं आणि मग बाळ हातात देणं हाच रिवाज होऊ लागला. 2002 मध्ये लॅन्सेटमधल्या एका छोट्या अभ्यासात बाळ हातात घेतलेल्या आयांना पुढच्या गरोदरपणात उलट जास्त नैराश्य दिसलं आणि वाद पेटला. आईनं स्वतः निवडलं होतं की तिच्यावर लादलं गेलं, हा फरक अशा आकड्यांत पकडणं अवघड असतं. म्हणून निर्णय तिचा.

आणखी एक गोष्ट कुणीच आधी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं. घट्ट आधार देणारे कपडे, गार पट्ट्या, आणि दूध पूर्ण पिळून न काढणं यानं ते हळूहळू ओसरतं. डॉक्टर गोळीही देऊ शकतात. ताप आला, छाती लाल होऊन दुखू लागली तर थांबू नये. हे बाईला दवाखाना सोडण्याआधी सांगितलं, तर निदान त्या सकाळी ती एकटी घाबरणार नाही. भेटायला जाणाऱ्यांनी "दुसरं होईल" म्हणू नये. बाळाचं नाव ठेवलं असेल तर नावानं बोलावं. आणि बापालाही विचारावं. खड्डा खणणारा बहुतेक वेळा तोच असतो.

संशोधकानं हे विचारायचं कसं? सुरुवातीला मी "किती मुलं?" असं विचारायचो आणि जिवंत मुलांची संख्या मिळायची. मग गाईडनी प्रश्न बदलायला लावला. पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या आजींना मी विचारलं, "आजी, बाळंतपणं किती झाली?" त्यांच्या हातातलं पान थांबलं. "पाच," म्हणाल्या. "पोरं दोन." मी रेकॉर्डर बंद करू का विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे चालू." आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.