पंपावरचा आकडा

सोमवार, रात्री 9. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणून बाबांना पुण्यात आयसीयूत हलवलं. धाकटा ग्रुपवर लिहितो : ‘बीपी 110/70. स्टेबल आहेत, काळजी नको.’ न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा, दादा कामावर. आकडा खरा आहे; पण तो नॉरअॅडच्या जोरावर टिकलेला, आणि पंप तासाला 4 मिलिवर आहे हे कुणी लिहिलेलं नाही.

मंगळवार, सकाळी 6. बीपी 108/68, म्हणजे जवळजवळ तेवढंच. मात्र पंप 9 वर गेलाय. लघवीच्या पिशवीत नऊ तासांत जेमतेम 110 मिलि. साठ किलोच्या माणसाला तासाला किमान 30 तरी व्हायला हवी. मूत्रपिंडं हात टेकू लागलीत. ग्रुपवर : ‘रात्र शांत गेली.’ दादाकडे सोमवारची संध्याकाळ. हीच निघायची वेळ होती.

सकाळी 11. राउंड. ‘सपोर्ट वाढवावा लागतोय,’ डॉक्टर म्हणतात. मेलबर्नहून ताईचा मेसेज : ‘नुसतं कसे आहेत विचारू नकोस. तुमचा भाऊ परदेशात असता तर आज बोलावला असतात का, असं विचार.’ धाकटा विचारतो. डॉक्टर क्षणभर थांबून म्हणतात, ‘बोलवा.’

11.20. न्यू जर्सीत रात्रीचे 12.50. दादाचा फोन सायलेंटवर, वहिनींचाही. मेसेजवर दोन टिक, पण निळ्या होतच नाहीत. शेवटी ताई त्यांच्या शेजाऱ्यांना उठवते. अशा दिवसांत दुसऱ्या एखाद्या घरचा नंबर हाताशी हवाच.

दुपारी 2. पंप 18 वर, दुसरं औषध सुरू, बीपी 92/50. व्हेंटिलेटर लावायच्या संमतीवर धाकट्याची सही. त्याआधी सिस्टर दोन मिनिटं बाबांच्या कानाशी फोन धरतात. दादा बोलतो. बाबा मान हलवतात. आता ग्रुपवर दर चार तासांनी चारच ओळी जातात : बीपी, पंप, लघवी, डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं.

रात्री 11.40. विमान उडालं. मुंबईपर्यंत सुमारे पंधरा तास.

बुधवार, पहाटे 4.20. हृदय थांबलं. धाकटा आधी ताईला फोन करतो. दादाला उतरल्यावरच सांगायचं ठरतं. विमानतळावर मामा जातील. शवागारात नाव नोंदवून होतं, अंत्यविधी दादा आल्यावर. धाकटा मामांना आणि मावशीला कळवतो. ग्रुपवर काही टाकू नका, हे मामांना सांगतो. मावशीला सांगायचं राहून जातं.

5.10. मावसभाऊ ग्रुपवर लिहितो : ‘काकांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ मागोमाग हात जोडलेली अकरा चित्रं. धाकटा ते काढायला सांगेपर्यंत सहा मिनिटं जातात.

दादाने विमानातलं वायफाय घेतलेलं असतं.