एकवीस किलोमीटर आणि भाताची रास

१९६६ साली स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. सायकलवर दोघांनीही एकेकच पाय दमवला, मग तीन दिवस पिष्टमय आहार घेतला. स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला, तर दमलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट! न दमलेला पाय हाच तुलनेचा गट, हे लक्षात घ्या.

यातूनच ‘आधी उपाशी ठेवा, मग भरा’ ही पद्धत आली. पण १९८१ मध्ये शर्मन आणि सहकाऱ्यांनी सहा धावपटूंना २०.९ किलोमीटर पळवलं, म्हणजे जवळपास अर्धमॅरेथॉनच. साठा वाढला, वेळ काही सुधारली नाही. एवढ्या अंतराला नेहमीचा भरलेला साठा पुरतो.

आता समजा, नात्याचा साठ किलोचा मुलगा पहिल्यांदा धावतोय. आदल्या दिवशी किलोमागे सात ग्रॅम, म्हणजे ४२० ग्रॅम कर्बोदकं खूप झाली. दिवसभरात तीनशे ग्रॅम तांदळाचा भात, तीन तांदळाच्या भाकऱ्या, पन्नास ग्रॅम गूळ, झाला हिशोब. नवखे इथेच चुकतात: हे सगळं रात्रीच्या एकाच ताटात, तेही नेहमीच्या जेवणावर जादा, शिवाय वालाची उसळ आणि तळण! सकाळी पोट जड. काट्यावर अर्धा-एक किलो वाढलं तर मात्र घाबरू नका, ग्रॅमभर ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं.