उधारीची मिरी आणि जिनोआची वही

१. इ.स. १३४०. इटलीतील जिनोआ हे सागरी प्रजासत्ताक. आदल्याच वर्षी तेथे मोठा उठाव होऊन सिमोने बोक्कानेग्रा हा शहराचा पहिला 'दोजे', म्हणजे प्रमुख, झाला होता. या धामधुमीनंतर नगराच्या खजिनदारांनी एक नवी हिशेबवही उघडली. त्या वहीत मिरीचे एक खाते आहे. दुहेरी नोंद पद्धतीच्या सर्वांत जुन्या आणि निःसंदिग्ध पुराव्यांमध्ये या वहीची गणना होते. नगराने मिरी विकत घेतली होती, आणि तीही उधारीवर.

२. या खजिनदारांना 'मसारी' म्हणत. लॅटिनमध्ये लिहिलेल्या त्यांच्या वहीचे पान उभे दुभागलेले असे. डावीकडे 'नावे' आणि उजवीकडे 'जमा'. मिरीच्या खात्यात डाव्या बाजूला प्रत्येकी शंभर पौंडांच्या ८० मापांची खरेदी मांडली आहे. तिच्यापुढे ज्या व्यापाऱ्याकडून माल आला त्याचे नाव आणि त्याचे खाते कोणत्या पानावर आहे तो क्रमांक. ते पान उघडले की तीच रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यात जमेच्या बाजूस सापडते.

३. येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. माल गोदामात आला, पण तिजोरीतून एक नाणेही बाहेर गेले नाही. एक बाजू वाढली आणि दुसरी कमी झाली नाही, तर हिशेब समतोल राहिला कसा? रोखीने खरेदी केली असती तर उत्तर सोपे होते : नाणी गेली, मिरी आली, एका वस्तूची जागा दुसरीने घेतली. उधारीत मात्र काहीच गेलेले दिसत नाही.

४. उत्तर एका समीकरणात आहे :

मालमत्ता = देणी + भांडवल

डावीकडे व्यवसायाच्या ताब्यात काय आहे ते. उजवीकडे त्यावर हक्क कोणाचा आहे ते. देणी म्हणजे बाहेरच्यांचा हक्क, भांडवल म्हणजे धन्याचा हक्क. ताब्यातील प्रत्येक वस्तूवर कोणाचा ना कोणाचा हक्क असतोच, म्हणून दोन्ही बेरजा सारख्या येतात. एकाच संपत्तीकडे दोन दिशांनी पाहिले, एवढाच याचा अर्थ.

५. मौज अशी की हे समीकरण या रूपात मांडले गेले ते फार उशिरा. न्यूयॉर्कचे चार्ल्स स्प्रेग यांनी १८८० मध्ये 'खात्यांचे बीजगणित' या आशयाच्या शीर्षकाखाली लेख लिहून हिशेबाला बीजगणिताची भाषा दिली. जिनोआच्या कारकुनांपुढे असे कोणतेही सूत्र नव्हते. त्यांच्यापुढे एक शिस्त होती : कोणतीही रक्कम एका खात्यात नावे टाकली, तर दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात ती जमा झालीच पाहिजे. सूत्र येण्यापूर्वी साडेपाचशे वर्षे ही शिस्त तेच काम करत होती.

६. आता ही शिस्त एका कल्पित व्यापाऱ्याच्या हिशेबात चालवून पाहता येईल. आकडे सोपे घेतले आहेत. व्यापाऱ्याने ५०० लिरा रोख घालून धंदा उभा केला.

मालमत्ता : रोख ५००
देणी : ०
भांडवल : ५००

दोन्ही बाजू ५००.

७. त्याने ३०० लिरांची मिरी उधारीवर घेतली. रोजकीर्दीत नोंद अशी होईल : मिरी खाते नावे ३००, विक्रेत्याचे खाते जमा ३००. नंतर या दोन रकमा खतावणीत आपापल्या पानांवर जातील.

मालमत्ता : रोख ५०० + मिरी ३०० = ८००
देणी : विक्रेता ३००
भांडवल : ५००

दोन्ही बाजू ८००. तराजूचे एक पारडे जड झाले नाही. दोन्ही पारड्यांत एकाच क्षणी सारखेच वजन पडले.

८. या टप्प्यावर भांडवलाची ओळ पाहण्याजोगी आहे. ती ५०० होती, ५०० च राहिली. गोदाम भरले, पण व्यापारी एका लिऱ्यानेही श्रीमंत झाला नाही, गरीबही झाला नाही. मिरी त्याच्या ताब्यात असली तरी तिच्या पूर्ण किमतीवर विक्रेत्याचा हक्क आहे. उधारीच्या खरेदीचे मर्म हेच : पसारा वाढतो, धन्याचा वाटा हलत नाही.

९. विक्रेत्याचे नाव 'जमा' बाजूला का, हा नवशिक्याला पडणारा प्रश्न आहे. जुन्या लेखनिकांची विचारसरणी सरळ होती. प्रत्येक खाते म्हणजे जणू एक माणूस. ज्याच्याकडे काही आले त्याच्या नावे टाकायचे, ज्याने काही दिले त्याच्याकडे जमा करायचे. मिरीच्या खात्याने माल घेतला, म्हणून ते नावे. विक्रेत्याने माल दिला आणि मोबदला अजून घेतला नाही, म्हणून तो जमा. आपली वही त्याच्यापुढे देणेकरी म्हणून उभी आहे, हे ती जमेची रक्कम सांगते.

१०. १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने गणिताचा एक मोठा ग्रंथ छापून घेतला. त्यातील एका प्रकरणसमूहात व्यापाऱ्यांच्या वह्यांची रीत सांगितली आहे. ही पद्धत त्याने शोधली नाही. व्हेनिसच्या पेढ्यांवर चालत आलेली रीत त्याने शब्दांत बांधली. व्यापारी माल किती प्रकारे विकत घेतो, याचे त्याने नऊ प्रकार मोजले आहेत. रोखीने, मुदतीवर, मालाच्या बदल्यात माल देऊन, काही रोख आणि काही मुदतीवर, असे. मुदतीवर, म्हणजे उधारीवर, घेतलेल्या मालाच्या नोंदीत रोकड खात्याला स्थानच नाही. तिची जागा विक्रेता घेतो.

११. आता पुन्हा जिनोआकडे. नगराने मिरी घेतली ती खाण्यासाठी नव्हे आणि नफ्यासाठीही नव्हे. खात्याच्या उजव्या बाजूला तिची विक्री दिसते, आणि ती खरेदीच्या किमतीहून कमी भावाने झाली आहे. इतिहासकार याचा अर्थ असा लावतात की नगराला तातडीने रोख पैसा हवा होता. माल उधारीवर घ्यायचा, तो लगेच रोखीने विकायचा आणि विक्रेत्याचे पैसे पुढे मुदतीवर फेडायचे. तोटा म्हणजे या कर्जाची किंमत. व्याजाला चर्चचा विरोध असलेल्या काळात कर्ज असे मालाच्या आडोशानेही उभे राहत असे.

१२. हाच खेळ कल्पित व्यापाऱ्याच्या हिशेबात. त्याने ३०० ची मिरी २६० लिरांना रोखीने विकली.

मालमत्ता : रोख ७६०
देणी : विक्रेता ३००
भांडवल : ४६०

दोन्ही बाजू ७६०. तोटा ४० लिरांचा. तो विक्रेत्याच्या माथी बसत नाही, त्याचे ३०० तसेच उभे आहेत. भार धन्याने सोसला. पुढे देणे फेडले की रोख ४६०, देणी ०, भांडवल ४६०. म्हणजे खरेदीच्या दिवशी भांडवल हलले नाही, फेडीच्या दिवशीही नाही. ते हलले फक्त विक्रीच्या दिवशी.

१३. जिनोआच्या वहीतही असेच घडते. मिरीच्या खात्यात विक्रीची रक्कम कमी पडली, तेव्हा उरलेला फरक कारकुनांनी पुसला नाही की दडवला नाही. विनिमयातील प्राप्ती आणि विकलेल्या मालावरील तोटा यांसाठी वेगळे खाते होते; तेथे तो फरक नेऊन त्यांनी मिरीचे खाते बंद केले. सौदा तोट्याचा असूनही वही अखेरपर्यंत समतोल राहिली. समतोल हा फायद्याचा पुरावा नसतो.

१४. मग समतोलाचा उपयोग काय? तो विशिष्ट चुका पकडतो. समजा, कारकुनाने मिरी नावे ३०० लिहिले आणि विक्रेत्याकडे जमा करायचे राहून गेले. सर्व खात्यांची तेरीज मांडताच नावे ८०० आणि जमा ५०० येतील. फरक ३००, नेमका गाळलेल्या रकमेएवढा. आता समजा, विक्रेत्याची रक्कम जमेऐवजी नावे पडली. मग नावे ११००, जमा ५००, फरक ६००, म्हणजे रकमेच्या दुप्पट. म्हणून तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम शोधायची, आणि तिची निम्मी रक्कमही शोधायची, ही जाणत्यांची युक्ती.

१५. पण एक चूक समतोलाच्या नजरेतून निसटते : सौदा मुळीच न लिहिणे. माल आला, विक्रेत्याची चिठ्ठी टेबलावर राहिली, दोन्ही नोंदी झाल्या नाहीत. तेरीज जुळते, कारण गाळलेले दोन्हीकडून सारखेच गाळले गेले. धोका वाढतो तो वर्षअखेरीस. गोदामातील माल मोजला जातो, त्यात ही ३०० ची मिरी धरली जाते, पण तिचे देणे वहीत नसते. मालमत्ता ८००, देणी ०, म्हणून भांडवल ८००. ताळेबंद जुळतो आणि न कमावलेला ३०० लिरांचा नफा दाखवतो.

१६. अशी चूक बेरजेने सापडत नाही, कारण बेरीज वहीच्या आतच फिरते. ती सापडते दुसऱ्याच्या वहीत. आपले उधारीचे देणे हे विक्रेत्याच्या वहीत येणे असते. त्याच्याकडून खात्याचा उतारा मागवून तो आपल्या पानाशी ताडला, किंवा गोदामात आलेला प्रत्येक माल कोणाच्या नावावर जमा आहे हे पाहिले, की राहून गेलेला सौदा उघड होतो. जिनोआने आपल्या परीने हीच दक्षता घेतली होती. गैरव्यवहारांना आळा घालण्यासाठी १३२७ मध्ये नगराच्या वह्या पेढ्यांच्या रीतीने ठेवण्याचा आदेश निघाला, आणि खजिनदारांच्या वहीची दुसरी प्रत हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांकडे राहू लागली.

१७. जिनोआच्या त्या पानावर मिरीचा वास उरलेला नाही, विक्रेत्यांचे तगादेही नाहीत. पण डावीकडची रक्कम कोणत्या पानावर उजवीकडे सापडेल, हे सांगणारा क्रमांक अजून तेथे आहे. माल कोणाकडे गेला आणि त्याबद्दल कोणाचे देणे उभे राहिले, या दोन्ही गोष्टी एकदमच लिहिल्या गेल्या, म्हणूनच सहा शतकांहून अधिक काळानंतरही तो सौदा वाचता येतो.